वृद्धाश्रमातील मोठ्या पडद्यावरचे बोलिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वृद्धाश्रमाच्या सभागृहात मोठा टीव्ही आलेला असतो, खेळाचे यंत्रही कोणीतरी भेट दिलेले असते, आणि तरीही पहिल्या महिन्यानंतर ते कपाटात जाते. बहुतेक वेळा दोष यंत्राचा नसून खेळाच्या मांडणीचा असतो. म्हणून या पानावर अनेक खेळांची यादी न देता एकाच खेळाबद्दल, म्हणजे हातात रिमोट धरून खेळायच्या बोलिंगबद्दल, सविस्तर उत्तरे दिली आहेत. ज्यांना चेंडू टाकणे शक्य नाही, त्यांच्यासाठी चित्र ओळखण्याचा एक खेळ शेवटी सांगितला आहे.

इतके खेळ असताना बोलिंगच का?

बोलिंगमध्ये एका वेळी एकच जण खेळतो आणि त्याची वेळ येईपर्यंत खेळ त्याची वाट पाहतो. टेनिससारख्या खेळात चेंडू अंगावर येतो, हात उशिरा हलला तर गुण जातो, आणि ज्याची हालचाल संथ आहे तो दर खेपेला हरतो. बोलिंगमध्ये आजोबांनी रिमोट नीट धरायला अर्धा मिनिट घेतला तरी पिना जागच्या जागी उभ्या असतात. पडद्यावर काय घडले हेही सर्वांना लगेच कळते, कारण दहांपैकी किती पिना पडल्या हे समजण्यासाठी नियम माहीत असण्याची गरज नसते.

दुसरे कारण यंत्राच्या रचनेत आहे. निन्टेन्डोचे वी हे यंत्र २००६ मध्ये आले, तेव्हापासून बोलिंगचा हा प्रकार वृद्धांच्या निवासांत खेळला जात आहे. त्याचे उत्पादन केव्हाच थांबले असले तरी जुनी यंत्रे अजून चालतात, आणि त्याच कंपनीच्या स्विच या नंतरच्या यंत्रावरही २०२२ पासून तसेच बोलिंग आहे. या यंत्रांच्या रिमोटमध्ये हालचालीच्या वेगातील बदल ओळखणारा संवेदक असतो. हात किती लांबवर गेला यापेक्षा तो कोणत्या झटक्याने हलला हे त्याला कळते. त्यामुळे खांद्यातून मोठा हेलकावा घेण्याची गरज नसते. कोपरापासून पुढचा हात हलवला तरी चेंडू लेनच्या टोकापर्यंत जातो.

कॅमेऱ्याने शरीर ओळखणारी यंत्रेही मिळतात, परंतु संमिश्र गटासाठी आम्ही ती वापरत नाही. कॅमेऱ्याला खेळाडूचे पूर्ण शरीर दिसावे लागते, व्हीलचेअरचे हात आणि मागे उभी असलेली सेविका त्याला गोंधळात टाकतात, आणि प्रत्येक खेळाडूला ठरलेल्या जागी आणावे लागते. रिमोट मात्र खेळाडूच्या खुर्चीपर्यंत नेता येतो.

बारा-पंधरा जण असतील तर प्रत्येकाचा डाव कसा पुरा होणार?

प्रत्येकाने स्वतंत्र डाव खेळायचा ठरवला तर तो पुरा होत नाही, आणि बहुतेक ठिकाणी खेळ बंद पडण्याचे खरे कारण हेच असते. हिशेब करून पाहावा. एका डावात दहा फ्रेम, म्हणजे सहसा दोन-दोन चेंडूंच्या दहा पाळ्या, असतात. रिमोट हातात देणे, मनगटाचा पट्टा अडकवणे, दिशा ठरवणे आणि दोन चेंडू टाकणे, या सगळ्याला एका फ्रेममागे साधारण दीड मिनिट लागतो. दहा जणांच्या शंभर फ्रेम झाल्या, म्हणजे अडीच तास. शिवाय वीवर एका डावात चारच खेळाडू घेता येतात. मी सुरुवातीला हीच चूक केली होती. चौथ्या आजींची पाळी येईपर्यंत मागच्या रांगेतील तीन जण झोपी गेले होते आणि दोघे खोलीकडे परतले होते.

यावर उपाय बोलिंगच्या जगात आधीपासून आहे. त्याला बेकर पद्धत म्हणतात, आणि सांघिक स्पर्धांमध्ये ती वापरली जाते. पाच जणांचा संघ मिळून एकच डाव खेळतो. पहिला खेळाडू पहिली आणि सहावी फ्रेम टाकतो, दुसरा दुसरी आणि सातवी, याप्रमाणे पाचवा खेळाडू पाचवी आणि दहावी. यंत्राला दोनच खेळाडू सांगायचे, कारण त्याच्या दृष्टीने ते दोन संघ असतात. रिमोट हातोहात फिरवण्याचे काम आपण करायचे. दोन संघांच्या वीस फ्रेम सुमारे अर्ध्या तासात संपतात.

या पद्धतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते तीच अधिक मोलाची आहे. बोलिंगमध्ये पहिल्याच चेंडूवर दहाही पिना पडल्या, म्हणजे स्ट्राइक झाला, तर त्या फ्रेमला दहा गुण आणि त्यात पुढच्या दोन चेंडूंचे गुण मिळतात. दोन चेंडूंत मिळून दहा पडल्या, म्हणजे स्पेअर झाला, तर दहा आणि पुढच्या एका चेंडूचे गुण मिळतात. बेकर पद्धतीत ते पुढचे चेंडू संघातील दुसरा माणूस टाकत असतो. एकाचा स्ट्राइक किती मोलाचा ठरणार हे त्यामुळे नंतरच्या माणसाच्या हातात जाते, आणि सात पिना पाडणाऱ्या आजींच्या त्या सात पिना दोनदा मोजल्या जातात. कोणा एकाचा स्वतंत्र आकडा पडद्यावर येतच नाही, म्हणून कोणी शेवटचा येण्याचा प्रश्नही राहत नाही.

एखादा प्रत्यक्ष डाव उदाहरण म्हणून सांगाल का?

आमच्या एका गटात बारा जण होते. चार जण व्हीलचेअरवर, तिघे वॉकर वापरणारे आणि पाच जण आधाराशिवाय चालणारे. सहा-सहाचे दोन संघ झाले, परंतु बेकर पद्धतीत जागा पाचच असतात. म्हणून प्रत्येक संघात एक जागा जोडीला दिली.

पहिल्या संघात उजव्या अंगाला अर्धांगवायू झालेले एक आजोबा होते आणि अत्यंत कमी दिसणाऱ्या एक आजी होत्या. या खेळात चेंडू टाकण्यापूर्वी रिमोटवरील बाणाच्या बटणाने खेळाडूला डावी-उजवीकडे सरकवता येते आणि चेंडूची दिशा वळवता येते. आजोबांनी डाव्या अंगठ्याने दिशा लावायची, रिमोट आजींच्या हातात द्यायचा आणि आजींनी चेंडू टाकायचा, असे ठरले. किती पिना उरल्या आणि कोणत्या बाजूला, हे आजोबा त्यांना सांगत असत. दुसऱ्या संघात खांदा दुखणारे वॉकरवरचे आजोबा दिशा लावत आणि विसराळूपणा असलेल्या निवृत्त शिक्षिका चेंडू टाकत.

पहिल्या संघाची सुरुवात व्हीलचेअरवरच्या आजींनी केली आणि त्यांना स्ट्राइक मिळाला. दुसऱ्या क्रमांकावर वॉकर वापरणारे आजोबा होते. त्यांनी सात आणि दोन अशा नऊ पिना पाडल्या. त्यामुळे पहिल्या फ्रेमचे एकोणीस आणि दुसरीचे नऊ, मिळून अठ्ठावीस झाले. तिसरी फ्रेम जोडीची होती. त्यांनी आधी सहा आणि मग उरलेल्या चार पाडून स्पेअर केला. चौथ्या खेळाडूने पहिल्या चेंडूवर पाच पाडल्या आणि जोडीच्या फ्रेमला पंधरा मिळाले. दुसऱ्या चेंडूवर त्यांनी तीन पाडल्या. चार फ्रेमअखेर संघाचे एक्कावन्न झाले. हे आकडे पडद्यावर लहान दिसतात, म्हणून शेजारी पांढऱ्या फळ्यावर एकूण गुण तळहाताएवढ्या आकारात लिहिले जात होते. फळ्यावर लिहिण्याचे काम पूर्वी हिशेब सांभाळलेल्या एका आजोबांनी स्वतःहून मागून घेतले, आणि पुढे ते त्यांचेच झाले.

पाचव्या जागेवर लवकर न थकणारा माणूस ठेवावा. दहाव्या फ्रेममध्ये स्ट्राइक किंवा स्पेअर झाला तर तीन चेंडू टाकावे लागतात.

खुर्च्यांची मांडणी कशी करावी आणि पडदा किती मोठा असावा?

पंचावन्न इंची पडदा अर्धवर्तुळात बसलेल्या बारा जणांना पुरतो. त्याची उंची साधारण अडुसष्ट सेंटिमीटर असते. सर्वांत लांबचा माणूस चार मीटरच्या आत असावा, आणि आपण स्वतः पडद्यावर काही लिहिणार असू तर चार मीटरवरून वाचण्यासाठी अक्षराची उंची किमान चार सेंटिमीटर ठेवावी. चांगली दृष्टी असलेल्याला एवढ्या अंतरावरून सहा मिलिमीटरचे अक्षर जेमतेम ओळखता येते. ज्याची दृष्टी त्याच्या एक तृतीयांश उरली आहे त्याला जेमतेम ओळखण्यासाठीही सुमारे अठरा मिलिमीटर लागतात, आणि आरामात वाचायचे तर त्याच्या दुप्पट. चार सेंटिमीटरचा आकडा त्यातून आला आहे. याहूनही कमी दिसणाऱ्यांना पडद्यापासून दीड मीटरवर, थोडे कडेला बसवावे.

व्हीलचेअर शेवटच्या रांगेत किंवा दाराजवळ लावण्याची सवय मोडायला हवी. अर्धवर्तुळ मांडतानाच मधल्या काही खुर्च्या काढून सुमारे नव्वद सेंटिमीटरच्या जागा मोकळ्या ठेवाव्यात, म्हणजे व्हीलचेअर इतरांच्या ओळीत बसते. अर्धवर्तुळाच्या पोटात दीड मीटर व्यासाची मोकळी जागा असली की ती तिथे वळवताही येते.

खेळण्यासाठी मात्र कोणालाही जागेवरून उठवण्याची गरज नसते. वीच्या पडद्याखाली ठेवायची संवेदक पट्टी मेनूमध्ये बोट दाखवण्यापुरती लागते; चेंडू टाकण्याचा झटका रिमोट स्वतः ओळखतो आणि बिनतारी कळवतो. आमच्याकडे माणूस न फिरवता रिमोट फिरवतात. पडद्यासमोर खिडकी असेल तर पडदे ओढून घ्यावेत, कारण काचेवरची चमक वृद्ध डोळ्यांना फार त्रास देते, आणि थेट ऊन पट्टीजवळ आले तर मेनूमधला हात थरथरू लागतो.

चेंडू सुटतच नाही किंवा मागे पडतो. यंत्र बिघडले आहे का?

बहुधा नाही. रिमोटच्या पोटाखालचे बटण दाबून धरायचे, हात मागे न्यायचा, पुढे आणायचा आणि हात पुढे आला की बटण सोडायचे, अशी ही क्रिया आहे. खऱ्या चेंडूची सवय नसलेल्या माणसाला बटण सोडणे म्हणजेच चेंडू सोडणे हे सांगून कळत नाही. बटण घट्ट धरून ठेवले तर हात हलूनही चेंडू सुटत नाही. हात मागे असतानाच बटण सुटले तर पडद्यावर चेंडू मागे उडतो आणि प्रेक्षक दचकतात. आमच्या सभागृहात पहिल्यांदा तसे घडल्यावर सर्वांनाच हसू आले, पण ज्यांच्या हातून घडले त्या आजी खट्टू झाल्या. तेव्हापासून पहिल्या डावाआधीच मी मुद्दाम एक चेंडू मागे टाकून दाखवते.

शिकवताना रिमोट बाजूला ठेवून कापडाचा मऊ चेंडू हातात द्यावा आणि तो दोन-तीनदा टोपलीत टाकायला सांगावा. चेंडू ज्या क्षणी बोटांतून निसटतो, त्याच क्षणी बटण सोडायचे असते, हे हाताला त्यातून समजते.

चेंडू दर वेळी एकाच बाजूला वळत असेल तर मनगट पिळले जात आहे. खेळ त्या पिळाला फिरकी समजतो. अंगठा वर ठेवायला सांगितले की बहुतेकांचा चेंडू सरळ जाऊ लागतो. ज्यांचे मनगट वळतच नाही, त्यांची दिशा आधीच उलट बाजूला थोडी सरकवून ठेवावी. बटण सोडल्यानंतर चेंडू रेंगाळून निघत असेल तर दोष टीव्हीकडे पाहून शोधावा: टीव्हीच्या मांडणीत गेम मोड चालू करावा आणि चित्र बिनतारी न पाठवता तारेने जोडावे.

ज्यांच्या बोटांत बळ नाही किंवा हात कापतो, त्यांनी काय करावे?

दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात. बटण दाबून धरता येते पण हात हलत नाही, अशा वेळी सहायकाने कोपराखाली आपला तळहात देऊन हात झुलवावा; बटण मात्र त्यांनीच सोडावे. हात हलतो पण बटण धरवत नाही, तर सहायकाने त्यांच्या बोटांवर बोटे ठेवून बटण धरावे आणि हाताची गती त्यांच्यावर सोडावी. ज्या कृतीत त्यांचे उरलेले सामर्थ्य आहे ती काढून घेतली जाऊ नये, एवढे पाळले की पुरे. वीचा रिमोट सेलसह दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतो आणि स्विचचा छोटा रिमोट त्याच्या साधारण एक तृतीयांश असतो, त्यामुळे दुबळ्या मनगटाला दुसरा सोयीचा पडतो. मात्र त्याची बटणे बारीक असतात.

कंपवात असलेल्यांच्या बाबतीत माझा अनुभव असा की थरथरीने खेळ फारसा बिघडत नाही, पण सुरुवात अडकते. त्यांना "टाका" असे म्हणत राहण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून "एक, दोन, तीन" असा ठेका धरला की हात निघतो.

उभे राहून खेळू द्यावे का?

जो रोज आधाराशिवाय चालतो त्याने उभे राहून खेळायला हरकत नाही, परंतु मागे स्थिर खुर्ची आणि मोकळ्या हाताच्या बाजूला जड टेबल असावे. वॉकर धरून उभ्याने चेंडू टाकणे मी पूर्णपणे बंद केले आहे. वॉकर दोन्ही हातांनी धरण्यासाठी बनवलेला असतो. एक हात सुटून झटका बसला की तो एका बाजूला कलतो आणि माणूस त्याच्याबरोबर जातो. वॉकर वापरणाऱ्यांनी हात असलेल्या खुर्चीवर बसूनच खेळावे.

व्हीलचेअरचे दोन्ही ब्रेक लावावेत. चेंडू टाकणाऱ्या बाजूचा खुर्चीचा हात निघत असेल तर काढावा, नाहीतर खुर्ची पडद्याच्या सरळ रेषेपासून थोडी तिरपी ठेवावी, म्हणजे हात चाकावर आपटत नाही. मनगटाचा पट्टा प्रत्येक खेळाडूला, प्रत्येक वेळी लावायचा.

स्मृतिभ्रंश असलेल्या रहिवाशांना खेळवावे का?

आजार मध्यम असेपर्यंत जरूर खेळवावे, पण नियम सांगत बसू नये. त्यांना एका वेळी एकच सूचना द्यावी आणि ती करून दाखवावी. शेजारच्या माणसाची पाळी त्यांना आधी दिसली पाहिजे, म्हणून अशा व्यक्तीला पहिला क्रमांक कधी देऊ नये. दरवेळी त्याच खुर्चीवर, त्याच शेजाऱ्याजवळ बसवल्याने बराच फरक पडतो. पडद्यावर चालणारी आकृती म्हणजे कोणीतरी खरी व्यक्ती आहे असे वाटून त्या घाबरल्या किंवा तिच्याशी बोलू लागल्या, तर वाद न घालता त्यांना फळ्याजवळच्या खुर्चीवर न्यावे आणि पुढच्या वेळी चित्रांच्या खेळात घ्यावे.

आवाज किती ठेवावा?

खेळाचे पार्श्वसंगीत मांडणीत बंद करता येत असेल तर ते पूर्ण बंद करावे, आणि टीव्हीचा आवाज पिना पडल्याचे कळेल इतकाच ठेवावा. श्रवणयंत्र बोलणे आणि गोंगाट दोन्ही वाढवते, त्यामुळे संगीत चालू असताना शेजाऱ्याचे शब्द हरवतात. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना टीव्हीच्या ध्वनिक्षेपकापासून दूर बसवावे. खेळ चालवणाऱ्याने खिडकीकडे पाठ करून उभे राहू नये, कारण चेहरा अंधारात गेला की ओठ दिसत नाहीत.

एकच संघ सतत जिंकत असेल तर?

आधी संघांची अदलाबदल करून पाहावी. लोक आपला संघ सोडायला तयार नसतील, आणि असे पुष्कळदा होते, तर बोलिंगमध्ये रूढ असलेली सवलतीच्या गुणांची पद्धत वापरावी. मागच्या तीन डावांची सरासरी एका संघाची ११८ आणि दुसऱ्याची ८८ असेल तर फरक ३० चा आहे. त्याचे ऐंशी टक्के म्हणजे २४ गुण दुर्बळ संघाला सुरुवातीलाच फळ्यावर लिहून द्यावेत. पूर्ण फरक भरून देऊ नये, म्हणजे चांगले खेळणाऱ्यांना थोडे वजन राहते. सवलत दर तीन डावांनी पुन्हा मोजावी.

जे काहीच टाकू शकत नाहीत, त्यांना त्याच सभेत कसे घ्यावे?

दोन डावांच्या मध्ये वीस मिनिटांचा चित्राचा खेळ ठेवावा. साध्या स्लाइडवर एक मोठे छायाचित्र घ्यावे, त्यावर नऊ चौकोन ठेवून त्यांवर १ ते ९ अंक लिहावेत आणि चौकोनावर टिचकी मारली की तो नाहीसा होईल अशी मांडणी करावी. संघ एक अंक सांगतो, तो चौकोन उघडतो, आणि चित्र कशाचे आहे ते ओळखायचे असते. जितके जास्त चौकोन झाकलेले असताना ओळखले जाईल, तितके गुण.

अंक सांगण्यासाठी प्रत्येक संघाच्या हातात मोठ्या आकड्यांची पत्रे द्यावीत. पक्षाघातानंतर ज्यांची वाचा गेली आहे ते पत्र दाखवून खेळतात, आणि ज्यांना पत्रही उचलता येत नाही ते शेजाऱ्याच्या हातातील पत्रांकडे नजर लावतात. चौकोन फक्त रंगांनी वेगळे करू नयेत. वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि निळा-हिरवा हे रंग एकमेकांत मिसळतात. चित्रे प्रौढांच्या आयुष्यातील असावीत: जुनी अवजारे, वाहने, वाद्ये. लहान मुलांच्या पुस्तकातील ससे आणि फुगे दाखवले की लोक उत्तर माहीत असूनही गप्प बसतात.

खेळ मध्येच केव्हा थांबवावा?

छातीत दुखणे, चक्कर, अचानक एका बाजूचा अशक्तपणा किंवा बोलण्यात अडखळणे दिसले तर लगेच थांबवून परिचारिकेला किंवा डॉक्टरांना बोलवावे. दम लागून एक वाक्य सलग बोलता येत नसेल तर ती पाळी सोडून द्यावी. अलीकडे खांद्याची, छातीची किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय चेंडू टाकू नये. दिशा लावण्याचे किंवा फळ्याचे काम त्यांना देता येते. ज्यांना फेफरे येते त्यांच्याबाबत आधी विचारून घ्यावे आणि पडदा जोरजोरात लुकलुकणारे खेळ निवडू नयेत.

थकवा ओळखण्याची एक सोपी खूण आहे. सहाव्या फ्रेमपासून, म्हणजे दुसऱ्या पाळीत, चेंडू वारंवार कडेच्या खाचेत जाऊ लागले आणि बटण सोडायला उशीर होऊ लागला, तर गट दमला आहे. तेव्हा डाव तिथेच थांबवून गुण फळ्यावर तसेच ठेवावेत आणि पुढच्या दिवशी उरलेल्या फ्रेम खेळाव्यात. यंत्र अर्धा डाव लक्षात ठेवत नाही, म्हणून नवा डाव सुरू करून आधीच्या गुणांत फळ्यावरच भर घालावी. डाव स्ट्राइक किंवा स्पेअरवर थांबला असेल तर पुढच्या दिवशीच्या पहिल्या चेंडूंचे गुण त्या फ्रेमला जोडायचे, एवढी नोंद फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी.